एक रेघ, दोन रेघा आणि फूल: वॉशिंग मशीनच्या ड्रॉवरमध्ये कुठे काय घालायचं

घरात फ्रंट लोड मशीन आलं तेव्हा पहिले दोन महिने आमचे टॉवेल विचित्र निघायचे. वाळल्यावर पापडासारखे कडक, आणि ओल्या हाताने धरले की किंचित बुळबुळीत. लहान मुलाच्या मानेवर खाज सुटायला लागली. मी आधी पाण्याला दोष दिला, मग डिटर्जंट बदललं, मग मशीनच बिघडलं असणार म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मशीन उघडलंसुद्धा नाही. धुणं चालू होतं, तो काचेसमोर उकिडवा बसला आणि आत बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, हे शेवटचं पाणी आहे. यात एवढा फेस कुठून आला?"

फेस आला होता तो फुलाच्या कप्प्यातून. मी लिक्विड डिटर्जंट रोज तिथेच ओतत होतो, कारण तो कप्पा मधोमध होता, खोल होता आणि त्याला झाकण होतं. लिक्विडसाठीच केला असणार असं वाटलं. म्हणजे दोन महिने आमचे कपडे नुसत्या पाण्यात धुतले जात होते आणि अगदी शेवटी, पिळण्याच्या आधी, साबणात बुडवून बाहेर येत होते.

मशीन नवीन असलेल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: ड्रॉवरचे तीन कप्पे तीन वेगवेगळ्या वेळा ठरवतात. कोणत्या कप्प्यात घातलं यावरून ते कपड्यांपर्यंत कधी पोचणार हे ठरतं. मशीनला तुम्ही साबण घातलाय की सॉफ्टनर हे कळत नाही. ते फक्त ठरल्या वेळी ठरल्या कप्प्यावर पाणी सोडतं.

आधी खुणा ओळखा

ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि प्लॅस्टिकवर उठवलेल्या खुणा बघा. एक उभी रेघ किंवा १ असेल तो प्रीवॉशचा, म्हणजे मुख्य धुण्याआधीच्या पहिल्या धुण्याचा कप्पा. दोन उभ्या रेघा किंवा २ असेल तो मेन वॉशचा, म्हणजे रोजचं डिटर्जंट घालायचा. फुलाची खूण असेल तो सॉफ्टनरचा. काही मशीनवर फुलाऐवजी तारा असतो.

इथे नवीन माणूस हमखास फसतो तो जागेवरून. शेजारच्या घरी मेन वॉशचा कप्पा डावीकडे आहे म्हणून तुमच्याकडेही तो डावीकडेच असेल असं धरू नका. एका मशीनमध्ये फूल मधोमध असतं, दुसऱ्यात उजव्या टोकाला. रेघांचा क्रमही एक, दोन असा ओळीने असेलच असं नाही. जुन्या मशीनवरून नव्यावर गेलेली माणसं तर हाताच्या सवयीने महिनोन्‌महिने चुकीच्या जागी ओततात. काही मशीनमध्ये प्रीवॉशचा कप्पाच नसतो, दोनच कप्पे असतात. त्यात काही बिघाड नाही.

खुणा पुसट झाल्या असतील तर कप्प्यांच्या घडणीवरून ओळखता येतं. प्रीवॉश आणि मेन वॉशचे कप्पे साध्या घसरगुंडीसारखे असतात: तळ मागे उतरता आणि मागची बाजू उघडी. सॉफ्टनरचा कप्पा मात्र चारी बाजूंनी बंद असतो, आत एक उभी नळी असते, नळीवर टोपी किंवा सगळ्या कप्प्यावर बसणारं झाकण असतं, आणि 'मॅक्स' अशी रेघ असते. तीच टोपी बघून मी फसलो होतो.

आता राहिले दोन उघडे कप्पे. त्यातला मोठा बहुधा मेन वॉशचा असतो, पण 'बहुधा'वर विसंबायची गरज नाही. दोन्हींत एकेक चमचा पावडर घाला, ड्रममध्ये थोडे कपडे टाका, प्रीवॉश न निवडता साधा कॉटनचा प्रोग्रॅम लावा. चार-पाच मिनिटांनी पॉज दाबून ड्रॉवर हळूच ओढा. ज्यातली पावडर वाहून गेली तो मेन वॉशचा. दुसऱ्यात ती तशीच पडलेली दिसेल, फार तर शिंतोड्यांनी थोडी ओलसर. मग ड्रॉवरवर आतून पक्क्या शाईच्या पेनने मोठी खूण करून ठेवा. घरात धुणं लावणारी माणसं एकापेक्षा जास्त असतील तर ही खूण फार उपयोगी पडते.

आत नेमकं काय घडतं

ड्रॉवर ज्या खोबणीत बसतो तिच्या छताला बारीक भोकं असतात. नळाचं पाणी तिथून खाली पडतं. मशीन पाणी आत घेताना कोणत्या बाजूच्या भोकांतून सोडायचं ते ठरवतं. प्रीवॉशच्या वेळी एका रेघेच्या कप्प्यावर, मेन वॉशच्या वेळी दोन रेघांच्या, आणि शेवटच्या खळबळीच्या वेळी फुलाच्या. बऱ्याच मशीनमध्ये पाण्याचे दोनच झडप असतात. एक उघडलं की प्रीवॉश, दुसरं उघडलं की मेन वॉश, आणि दोन्ही एकदम उघडली की दोन्ही धारा एकमेकींवर आपटून मधल्या फुलाच्या कप्प्यात पडतात. अशा मशीनमध्ये म्हणूनच फूल मधोमध असतं.

उघड्या कप्प्यांत अडवायला काहीच नसतं. पाणी पडलं की पावडर मागच्या बाजूने वाहून ड्रममध्ये जाते. लिक्विड तर पाण्याचीही वाट बघत नाही. तळ उतरता असल्याने ते ओतल्याबरोबर मागे सरकायला लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रीवॉशच्या वेळी तिचं काम पडणार आहे.

फुलाच्या कप्प्याची तऱ्हा वेगळी. त्यातलं सॉफ्टनर तासभर सांभाळून ठेवायचं आणि नेमकं शेवटी सोडायचं, हे काम ती उभी नळी आणि तिच्यावरची टोपी करतात. हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. ड्रॉवर पूर्ण काढून सिंकमध्ये धरा आणि फुलाच्या कप्प्यात पेल्याने हळूहळू पाणी ओता. मॅक्सच्या रेघेपर्यंत पाणी निवांत उभं राहतं, एक थेंब खाली पडत नाही. रेघेच्या वर थोडं आणखी ओता. क्षणभर काही होत नाही, मग टोपीखालून 'गुडगुड' आवाज येतो आणि खालच्या भोकातून धार लागते. आणि ती धार रेघेपाशी थांबत नाही, कप्पा जवळजवळ रिकामा होईपर्यंत चालू राहते. टाकीतलं पाणी नळी लावून तोंडाने ओढून काढतात, तोच प्रकार: एकदा प्रवाह सुरू झाला की तो मागचं सगळं ओढून नेतो. त्याला सायफन म्हणतात.

शेवटच्या खळबळीला मशीन या कप्प्यात पाणी सोडतं, पातळी रेघेच्या वर जाते, सायफन सुरू होतो आणि सगळं सॉफ्टनर पाण्यासकट ड्रममध्ये उतरतं. तळाशी थोडं पाणी उरतं. धुणं झाल्यावर त्या कप्प्यात बोटभर पाणी दिसलं म्हणून घाबरू नका, ते तिथे राहणारच.

मॅक्सच्या रेघेचा अर्थही यातूनच कळतो. रेघेच्या वर सॉफ्टनर ओतलं तर सायफन तिथल्या तिथे सुरू होतो आणि धुणं सुरू व्हायच्या आधीच सगळं सॉफ्टनर ड्रममध्ये जातं. कप्पा बरोबर निवडूनही वेळ चुकते. 'थोडं जास्त घातलं तर जास्त वास येईल' म्हणून काठोकाठ भरणाऱ्यांच्या कपड्यांना वास येतच नाही, तो याच कारणाने. ड्रॉवर जोरात ढकलून बंद केला तरी सॉफ्टनर हिंदकळून नळीत जाऊ शकतं, म्हणून तो हलक्या हाताने लावावा.

रोजचं धुणं, प्रीवॉशशिवाय

दहातली नऊ धुणी अशीच असतात, आणि त्यात दोनच कप्पे लागतात.

१. कपडे ड्रममध्ये घाला. वरून आडवा तळहात जाईल एवढी जागा राहू द्या.

२. डिटर्जंट दोन रेघांच्या कप्प्यात घाला. माप पाकिटावर किंवा बाटलीवर दिलेलं घ्या. ते कपड्यांचं वजन, मळ आणि पाणी किती जड आहे यावर बदलतं. पावडर असेल तर कप्पा आधी कोरडा पुसा. ओल्या प्लॅस्टिकला पावडर चिकटते, तिचा गोळा होतो आणि पाणी त्याच्या बाजूने निघून जातं.

३. त्या कप्प्यात एक छोटी सरकणारी पट्टी आहे का बघा. ती लिक्विडसाठी असते. लिक्विड घालायचं तर पट्टी खाली, पावडर घालायची तर पट्टी वर किंवा काढून बाजूला. पट्टी खाली असताना पावडर घातली की तिच्यामागे ओला लगदा साचतो. घट्ट जेलसारखं लिक्विडही पट्टीमागे अडकून बसतं, ते पट्टी न वापरता घालावं.

४. सॉफ्टनर हवं असेल तर फुलाच्या कप्प्यात, मॅक्सच्या रेघेच्या आत. घट्ट सॉफ्टनर असेल तर आधी थोड्या पाण्यात पातळ करून ओता, नाहीतर टोपीखालच्या फटीत त्याचा थर बसतो.

५. एका रेघेचा कप्पा रिकामा ठेवा.

प्लॅस्टिकच्या विरघळणाऱ्या वेष्टनातल्या डिटर्जंटच्या वड्या वापरत असाल तर त्या ड्रॉवरमध्ये घालायच्याच नाहीत. त्या रिकाम्या ड्रममध्ये तळाशी ठेवून वर कपडे घालायचे. कप्प्यात ठेवल्या तर अर्धवट विरघळून चिकटून बसतात.

सॉफ्टनर प्रत्येक धुण्याला लागतंच असं मला वाटत नाही. टॉवेल, पुसायची मायक्रोफायबरची फडकी आणि घाम शोषणारे खेळाचे कपडे यांना तर ते घालूच नये. सॉफ्टनर धाग्यांवर पातळ, तेलकट थर चढवतं. हाताला मऊ लागतं ते त्यामुळेच, पण त्याच थरामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो आणि खेळाचा टीशर्ट घाम धरून ठेवतो.

प्रीवॉशचं धुणं, एक उदाहरण घेऊन

समजा, पावसाळी मैदानावरून आलेले चार किलो कपडे आहेत: मोजे, चड्ड्या, जर्सी, सगळ्यांना चिखल. असे कपडे सरळ मेन वॉशला लावले तर अर्धं डिटर्जंट माती उचलण्यातच खर्च होतं आणि घाम, तेलकटपणा, गवताचे डाग यांच्यासाठी काही उरत नाही. शिवाय तीच माती तासभर कपड्यांवरून फिरत राहते. प्रीवॉशमध्ये मशीन पहिलं पाणी घेतं, साधारण १० ते २० मिनिटं थंड किंवा कोमट पाण्यात कपडे फिरवतं आणि ते पाणी टाकून देतं. मग मेन वॉशसाठी ताजं पाणी आणि ताजं डिटर्जंट.

आधी वाळलेली माती झटकून टाकली. पाकिटावर एवढ्या मळकट कपड्यांना १०० ग्रॅम पावडर सांगितली आहे असं धरू. ती १०० ग्रॅम दोन रेघांच्या कप्प्यात. एका रेघेच्या कप्प्यात तिच्या पावपट, म्हणजे २५ ग्रॅम. पाकिटावर प्रीवॉशचं वेगळं माप दिलं असेल तर तेच घ्यावं, मी दिलेलं नसताना पाव धरतो. प्रीवॉशसाठी वेगळा साबण आणायची गरज नाही, तीच पावडर चालते. जर्सी आहेत म्हणून फुलाचा कप्पा रिकामा. मग प्रोग्रॅम निवडून प्रीवॉशचं बटण दाबलं आणि पॅनलवर त्याचा दिवा लागला का ते बघितलं. हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण बटण दाबल्याशिवाय मशीन त्या कप्प्याकडे वळतच नाही. काही प्रोग्रॅममध्ये प्रीवॉश घेताच येत नाही, झटपट धुण्याच्या प्रोग्रॅममध्ये तर नसतोच. तिथे बटण दाबलं तरी दिवा लागणार नाही.

आता काचेतून बघा. पहिलं पाणी काही मिनिटांत चहासारखं तपकिरी होतं, फेस अगदी थोडा. मग ते गेल्याचा आवाज येतो. दुसरं पाणी येतं, ते पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असतं आणि त्यात नेहमीसारखा पांढरा फेस धरतो. असं दिसलं की दोन्ही कप्प्यांनी आपापल्या वेळी काम केलं.

हेच धुणं मी एकदा लिक्विड वापरून लावलं, आणि मेन वॉशच्या कप्प्यात पट्टी लावायला विसरलो. प्रीवॉशच्या पहिल्याच पाण्यात काचेवर फेसाचे ढग चढले. लिक्विड उतरत्या तळावरून आधीच ड्रममध्ये गेलं होतं, म्हणजे दोन्ही मापं पहिल्याच पाण्यात. वीस मिनिटांनी ते सगळं गटारात गेलं. नंतरचा तासभर मेन वॉश चालला तो नुसत्या गरम पाण्यात, आणि काचेतलं पाणी निवळ होतं. कपडे बाहेर काढले तर माती गेली होती, पण मोज्यांचा वास तसाच. तेव्हापासून प्रीवॉश असला की मेन वॉशला मी पावडरच वापरतो. लिक्विडच हवं असेल तर पट्टी खाली करून घालायचं. प्रीवॉशच्या वेळी दोन रेघांच्या कप्प्यावर पाणी पडत नाही, त्यामुळे पट्टीमागचं लिक्विड तिथेच थांबतं. विरघळणाऱ्या वड्याही प्रीवॉशला नकोत. त्या ड्रममध्येच असल्याने पहिल्या पाण्यातच विरघळून वाहून जातात.

रात्री कपडे भरून पहाटेची वेळ लावून ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. उघड्या कप्प्यात लिक्विड सहा तास थांबत नाही, ते झिरपून खाली जातं आणि एकाच जागी कपड्यांवर साचून राहतं. उशिरा सुरू करायचं असेल तर पावडर घाला किंवा पट्टी वापरा.

अदलाबदल झाली तर काय दिसतं

डिटर्जंट फुलाच्या कप्प्यात गेलं तर सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून ते आधी सांगतो. कपडे साबणाशिवाय धुतले जातात, आणि साबण येतो शेवटच्या खळबळीला. त्यानंतर तो काढायला पाणीच उरलेलं नसतं, मशीन पिळून मोकळं होतं. ओळखायचं कसं? धुणं संपल्यावर दाराच्या रबराच्या घडीत फेस दिसतो. ओला कपडा पिळला तर बुळबुळीत लागतो आणि पाणी दुधाळ येतं. गडद कपड्यांवर वाळल्यावर पांढुरके पट्टे उमटतात, टॉवेल कडक होतात, नाजूक कातडीला खाज सुटते. त्यात पावडर घातली असेल तर आणखी वाईट. ती त्या अरुंद नळीत भिजून घट्ट होते, सायफन बुजतो, आणि पुढच्या धुण्यांचं सॉफ्टनरही कप्प्यातच साचून राहतं.

सॉफ्टनर दोन रेघांच्या कप्प्यात, डिटर्जंटसोबत, हा दुसरा प्रकार. अनेकजण तो मुद्दाम करतात, दोन्ही एकदम घातलं की काम झालं असं समजून. पण ही दोन रसायनं एकमेकांच्या विरुद्ध बाजूची आहेत. डिटर्जंटमधल्या मळ काढणाऱ्या मुख्य द्रव्यावर ऋण प्रभार असतो, सॉफ्टनरमधल्या द्रव्यावर धन. पाण्यात भेटली की ती एकमेकांना चिकटतात आणि मेणचट कण तयार होतात. मग डिटर्जंट मळ नीट काढत नाही, सॉफ्टनर धाग्यावर नीट बसत नाही, आणि ते कण कपड्यांवर तेलाच्या डागांसारखे उमटतात. हवं तर काचेच्या पेल्यात बघा. पाण्यात थोडं डिटर्जंट ढवळून त्यात चमचाभर सॉफ्टनर टाका. पाणी गढूळ होतं, फेस बसतो आणि दह्याच्या कवड्यांसारखं काहीतरी तरंगू लागतं. सॉफ्टनरला शेवटची, साबण निघून गेल्यानंतरची वेळ दिली आहे ती याचसाठी.

बाकीच्या चुका सौम्य आहेत. प्रीवॉश न निवडता रोजचं डिटर्जंट एका रेघेच्या कप्प्यात घातलं, तर पावडर तिथेच राहते आणि कपडे पाण्याने धुवून निघतात. पुढच्या वेळी ड्रॉवर उघडला की कारण समोरच दिसतं. लिक्विड असेल तर ते उतारावरून खाली जातं, मग कपडे बरे धुतले जातात आणि चूक महिनोन्‌महिने कळत नाही. मग कधीतरी पावडर आणली की एकाएकी 'नवीन पावडर वाईट आहे' असं वाटायला लागतं. प्रीवॉश निवडून सगळं डिटर्जंट एका रेघेत घातलं, तर वर सांगितलेल्या मोज्यांसारखी गत. सॉफ्टनर एका रेघेत गेलं आणि ते पातळ असेल तर तेही सुरुवातीलाच खाली उतरतं आणि डिटर्जंटला जाऊन भेटतं.

एक सावधगिरी गंभीर आहे. काही जण फुलाच्या कप्प्यात सॉफ्टनरऐवजी व्हिनेगर घालतात. त्याच धुण्यात क्लोरीनवालं ब्लीच कुठल्याही कप्प्यात घालू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

चूक लक्षात आल्यावर

अजून मशीन सुरू केलं नसेल तर काम सोपं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, चुकीचा कप्पा नळाखाली धुवा, पुसा, पुन्हा लावा. फुलाच्या कप्प्यातलं डिटर्जंट नुसतं फडक्याने टिपून भागत नाही, नळीत शिल्लक राहतं. टोपी काढून आतूनही धुवा.

मशीन नुकतंच सुरू झालं असेल आणि डिटर्जंट फुलात असेल, तरी वेळ गेलेली नाही. ते शेवटपर्यंत तिथेच थांबणार आहे. पॉज दाबा, ड्रॉवर सरळ धरून बाहेर काढा आणि कप्पा रिकामा करा. धुवून, पुसून डिटर्जंट योग्य कप्प्यात घाला, आणि प्रोग्रॅम रद्द करून पहिल्यापासून लावा.

धुणं संपल्यावर फेस दिसला तर कपडे वाळत घालू नका. साबण एकदा धाग्यात वाळला की काढायला जास्त पाणी लागतं. ड्रॉवर स्वच्छ करून, काहीही न घालता, 'रिन्स आणि स्पिन' लावा आणि शेवटच्या पाण्याकडे काचेतून बघा. फेस असेल तर पुन्हा एकदा. आमच्या त्या टॉवेलांना तीन वेळा लावावं लागलं. खळबळून साबण गेला तरी कपडे मुळात धुतलेले नसतात हे विसरू नका, मळकट असतील तर नीट धुणं परत लावावंच लागतं.

सॉफ्टनरचे तेलकट डाग पडले असतील तर त्या जागा ओल्या करून त्यावर थोडं लिक्विड डिटर्जंट बोटांनी चोळा, दहा मिनिटं ठेवा, आणि कपड्याच्या लेबलवर चालेल तेवढ्या कोमट पाण्यात सॉफ्टनरशिवाय पुन्हा धुवा. इस्त्री त्याआधी फिरवू नका, उष्णतेने डाग पक्का बसतो.

कप्पा बरोबर, तरी तीच लक्षणं

सगळं जागच्या जागी घालूनही फुलाच्या कप्प्यात सॉफ्टनर भरलेलंच राहत असेल, किंवा दोन रेघांत पावडर उरत असेल, तर ड्रॉवर स्वच्छ करायची वेळ झाली आहे. आमच्याकडे हे महिन्यातून एकदा असतं. ड्रॉवर शेवटपर्यंत ओढायचा, आतली 'पुश' लिहिलेली कळ दाबायची की तो पूर्ण बाहेर येतो. फुलाच्या कप्प्याची टोपी वर ओढून काढायची. तिच्या आत आणि नळीच्या तोंडाशी निळसर किंवा पांढरा चिकट थर असतो, तोच सायफन बंद पाडतो. गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून जुन्या टूथब्रशने घासला की निघतो. टोपी परत लावताना ती तळाशी घट्ट बसली पाहिजे. ती अर्धवट बसली की हवा आत शिरते आणि सायफन धरत नाही.

मग रिकाम्या खोबणीत हात घालून तिच्या छताला ब्रश फिरवा. तिथल्या भोकांवर क्षार आणि काळी बुरशी धरते, आणि काही भोकं बुजली की पाणी भलत्याच बाजूला पडतं. नळाला जोर कमी असेल, किंवा पाण्याचा पाइप मशीनला जोडतो तिथली बारीक जाळी तुंबली असेल, तरीही पावडर पूर्ण वाहून जात नाही. नळ बंद करून ती जाळी काढून धुता येते.

ड्रॉवर लावल्यावर मघाचाच पेला घ्या, फुलाच्या कप्प्यात रेघेपर्यंत साधं पाणी भरा आणि 'रिन्स आणि स्पिन' लावा. संपल्यावर कप्पा उघडून बघा. तळाशी थोडंसंच पाणी उरलं असेल तर सायफन पुन्हा चालू झाला. पाणी रेघेपर्यंत तसंच असेल तर टोपी पुन्हा काढून बसवा.